फॉरेक्सचा खरा रेट बोर्डावर लिहिलेला नसतो

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला, ती आणि तिचा नवरा नऊ दिवस व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट करून आले होते. ट्रिप मस्त झाली वगैरे सांगून झाल्यावर म्हणाली, "अरे, फॉरेक्स कार्ड घेतलं होतं आम्ही, बँकेतला माणूस म्हणाला सगळ्यात स्वस्त हेच, पण हिशोब काही जुळत नाहीये, तू बघ ना जरा." मी स्टेटमेंट मागवलं आणि बघितलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, तिला ते आधीच युरो भरून ठेवायचं कार्ड साध्या क्रेडिट कार्डाच्या स्वाइपपेक्षाही महाग पडलं होतं. कसं ते खाली सांगतोच, पण त्याआधी मुळात हे पैसे जातात कुठे ते नीट बघू, कारण ते एकदा कळलं की काउंटर, डीलर, कार्ड या सगळ्याची तुलना पाच मिनिटांत करता येते.

गूगलवर युरोचा रेट बघितला की जो आकडा दिसतो तो मधला रेट. बँका आपसात ज्या भावाने व्यवहार करतात त्याच्या आसपासचा. डीलर लोक त्याला आयबीआर म्हणतात, म्हणजे इंटरबँक रेट. त्या भावाने तुम्हाआम्हाला कोणीच युरो देत नाही, त्यावर प्रत्येकजण काहीतरी लावतो आणि ते जे लावलं जातं ते मार्जिन, तेच त्याचं उत्पन्न. म्हणून "झिरो कमिशन" अशी पाटी दिसली तर फार खूश होऊ नका, कमिशन वेगळं घेतलं नाही म्हणजे ते रेटमध्येच घातलंय, फुकट कोणी दुकान उघडून बसत नाही.

तर तुलना करायला एकच प्रश्न पुरतो. माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि माझ्या हातात किती युरो पडणार? भागाकार करा. जो आकडा येतो तो तुमचा खरा रेट, त्यात मार्जिन आलं, जीएसटी आला, कार्ड फी आली, सगळं आलं. कमिशन किती, टॅक्स किती, डिलिव्हरी चार्ज किती हे सुटं सुटं विचारत बसलात तर प्रत्येक जण स्वतःची सोयीची बाजू तेवढी दाखवतो.

आता हिशोब सोपा व्हावा म्हणून समजा आज मधला रेट बरोबर 100 रुपये आहे. खरा रेट रोज हलतो, त्यामुळे खालचे आकडे म्हणजे आजचे भाव नाहीत, फरक कसा पडतो ते दाखवायला घेतलेत. 100 धरल्याचा फायदा म्हणजे जितके रुपये वर गेले तितके टक्के तुमचे गेले, डोकं लावायलाच नको.

एअरपोर्टपासून सुरू करू, तो सगळ्यात सोपा विषय आहे. तिथल्या काउंटरवर दोन रेट लावलेले असतात, एक ते तुम्हाला विकणार तो सेल रेट आणि एक ते तुमच्याकडून घेणार तो बाय रेट. या दोघांतलं अंतर बघा, त्यावरूनच कळतं किती कापणार. मधला रेट 100 असताना सेल 108 आणि बाय 92 असं काही दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. 1000 युरो घेतलेत तर 1,08,000 रुपये, वर जीएसटी 187 रुपये, वर समजा 200 रुपये सर्व्हिस चार्ज, म्हणजे खरा रेट झाला 108 रुपये 40 पैशांच्या जवळ. जागेचं भाडं भरमसाट, चोवीस तास माणूस बसवायचा आणि समोरचा गिऱ्हाईक असा की ज्याला दोन तासांत विमान पकडायचंय, तो भाव करायला कुठे जाणार. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, रेट समोर लिहिलेलाच असतो, आपण घाईत असतो एवढंच. आणि परत येताना उरलेले युरो तिथेच दिलेत तर 108 ने घेतलेला युरो 92 ने गेला, जाता येता दोन्हीकडून मार.

एक पळवाट मात्र आहे. बऱ्याच ठिकाणी त्याच काउंटरचं आदल्या दिवशी ऑनलाइन बुकिंग करून एअरपोर्टवर फक्त पिकअप करता येतं आणि तो रेट बोर्डावरच्या रेटपेक्षा बराच बरा असतो. अगदीच वेळ मिळाला नाही तर हे करा.

मध्येच जीएसटीचं सांगून टाकतो, कारण त्याचा बाऊ उगाच केला जातो. चलन बदलताना जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंत रकमेचा 1 टक्का, पण कमीत कमी 250 रुपये, एवढी सेवेची किंमत धरतात आणि त्या किमतीवर 18 टक्के. लाखाच्या वर गेलात की वरच्या भागाला अर्धाच टक्का धरतात. म्हणजे लाखाला 180 रुपये, आणि अगदी छोट्या व्यवहाराला 45 रुपये. तेव्हा कोणी डीलर "सर, टॅक्समुळे रेट वाढला" असं म्हणाला तर ते खरं नाही, लाख रुपयांवर दोनशेसुद्धा होत नाही तो टॅक्स. रेट वाढतो तो मार्जिनमुळे.

शहरातला डीलर म्हणजे रिझर्व्ह बँकेचं लायसन असलेला मनी चेंजर. इथे भाव करता येतो ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि बहुतेक लोक तो करतच नाहीत, भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस इथे जो रेट सांगितला तो गुपचूप देऊन मोकळा होतो. माझा नेहमीचा फोन साधारण असा असतो:

"400 युरो कॅश हवेत, परवा. काय रेट लागेल?"

"एकशे दोन ऐंशी, सर."

"आयबीआरवर किती लावताय?"

इथे तो थोडा थांबतो, कारण कळतं की गिऱ्हाईकाने मधला रेट बघितलाय. मग "थांबा, सरांना विचारतो" आणि दोन मिनिटांत एकशे एक सत्तर येतो. मग मी दुसऱ्या डीलरचा रेट सांगतो (खरंच घेतलेला असतो, थाप मारत नाही, कारण त्याला बाजार माझ्यापेक्षा जास्त माहीत असतो) आणि शेवटी एकशे एक पन्नासला गाडी थांबते. मग शेवटचा प्रश्न, "सगळं धरून किती ट्रान्सफर करू?" आणि तो जो आकडा सांगेल तो व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचा, कारण दुकानात गेल्यावर डिलिव्हरी चार्ज, प्रोसेसिंग असलं काहीतरी नवीन निघू शकतं.

101.50 ने 1000 युरो घेतले तर 1,01,500 आणि जीएसटी 181, म्हणजे खरा रेट 101 रुपये 68 पैसे. एअरपोर्टशी फरक पावणेसात हजारांच्या आसपास. एका फोनचे.

कागद फार लागत नाहीत, पासपोर्ट, व्हिसा लागत असेल तर तो, तिकीट, पॅन आणि ए-2 फॉर्मवर सही. रुपये कॅशमध्ये द्यायचे असतील तर 50,000 च्या वर चालत नाही, त्यापुढे बँकेतूनच द्यायचे. प्रवासाच्या 60 दिवस आधीपर्यंत घेता येतं आणि युरोपसारख्या बहुतेक ठिकाणी जाताना नोटांच्या रूपात एका फेरीला 3000 डॉलरइतकंच न्यायची परवानगी आहे, बाकीचं कार्डावर. बिल घ्याच. एक तर ते बिल म्हणजे नोटा कुठून घेतल्या त्याचा पुरावा आणि दुसरं म्हणजे बिलावर रेट, रक्कम, टॅक्स वेगवेगळं लिहिलेलं असतं, फोनवर ठरलेलं आणि बिलावरचं जुळतंय का ते तिथल्या तिथे बघता येतं. जो "बिल नको असेल तर अजून चाळीस पैसे कमी करतो" म्हणतो त्याच्याकडून उठून यायचं, तो लायसनवाला व्यवहार राहिलाच नाही आणि नोट खोटी निघाली तर तुम्ही कोणाकडे जाणार.

नोटा घेताना 20 आणि 50 च्या मागा. 500 युरोची नोट 2019 पासून नवीन निघत नाही, जुनी चालते कायद्याने पण दुकानदार हात लावत नाहीत, 200 च्या नोटेलाही लोक नाक मुरडतात. डीलरच्या गल्ल्यात मोठ्या नोटा पडून असतात आणि त्याला त्या खपवायच्या असतात, त्यामुळे हे आधीच बोलून ठेवायचं.

आता कार्ड. आधी साधी स्वाइप घेऊ, कारण फॉरेक्स कार्डाची तुलना तिच्याशीच करायचीय.

तुमचं नेहमीचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड परदेशात स्वाइप केलं की आधी व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्यांच्या रेटने युरोचे रुपये करतात. हा रेट मधल्या रेटच्या अगदी जवळ असतो, आपल्या उदाहरणात 100 रुपये 30 पैसे धरा. दोघांच्याही साइटवर कन्व्हर्टर आहे, तिथे तारीख टाकून बघता येतो. मग तुमची बँक त्यावर मार्कअप लावते, बऱ्याच साध्या कार्डांना तो 3.5 टक्के असतो, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. साडेतीनाचे झाले 4.13 टक्के. म्हणजे युरो पडला 104 रुपये 44 पैशांना. पण 2 टक्के मार्कअपची कार्डं मिळतात आणि काही शून्य मार्कअपचीही, 2 टक्केवाल्यावर तोच युरो 102 रुपये 67 पैशांना पडतो. म्हणजे "स्वाइप महाग की स्वस्त" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कुठलं कार्ड आहे त्यावर सगळं. तुमच्या कार्डाच्या चार्जेसच्या पीडीएफमध्ये फॉरेन करन्सी मार्कअप अशी एक ओळ असते, ती शोधा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

स्वाइपचा एक फायदा कोणी मोजत नाही. जेवढं खर्च केलं तेवढेच पैसे जातात, उरत काही नाही. उरलेल्या चलनाचा तोटा हा खर्च तुलनेत कुठेच दिसत नाही पण तो असतो, मावसबहिणीच्या केसमध्ये येतोच तो.

दोन गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. एक, क्रेडिट कार्डाने परदेशी एटीएममधून कॅश. त्याला कॅश अॅडव्हान्स फी वेगळी, मार्कअप वेगळा आणि व्याज पहिल्या दिवसापासून, ते पन्नास दिवसांचं बिनव्याजी वगैरे तिथे लागू होत नाही. दुसरी गोष्ट मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्याच ट्रिपला एका दुकानात 86 युरोचं जॅकेट घेतलं. दुकानदार मुलीने मशीन माझ्याकडे फिरवलं, स्क्रीनवर दोन ओळी होत्या:

```
1  EUR 86.00
2  INR 9,202.00
```

रुपये बघून मला इतकं बरं वाटलं, की अरे वा, आपल्या पैशात सांगतंय, आणि मी दुसरी ओळ दाबली. हॉटेलवर येऊन भागाकार केला तर 107 रुपयांनी युरो पडला होता. याला डीसीसी म्हणतात, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. तुम्ही रुपये निवडलेत की रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रेटने होत नाही, दुकानाच्या मशीनवाली कंपनी स्वतःच्या रेटने करते आणि त्यातला काही वाटा दुकानदारालाही मिळतो, म्हणून तर काही ठिकाणी ते तुम्हाला न विचारताच रुपये दाबतात. साडेतीन टक्केवाल्या कार्डावरसुद्धा पहिली ओळ दाबली असती तर 8,982 रुपये गेले असते, म्हणजे एका जॅकेटवर 220 रुपये घालवले. वर अनेक बँका असा परदेशात रुपयांत झालेला व्यवहार दिसला तरी त्यावर स्वतःचा वेगळा चार्ज लावतात, तोही मला लागला, स्टेटमेंट आल्यावर कळलं.

ओळखायचं कसं? परदेशात असताना मशीनवर किंवा एटीएमवर INR दिसलं की समजायचं डीसीसी आलं. नेहमी त्या देशाचं चलन निवडायचं. एटीएमवर हे जास्त चलाखीने विचारतात, "कन्व्हर्जन स्वीकारा" आणि "कन्व्हर्जन नाकारा" असे दोन पर्याय येतात आणि नाकारा दाबलं की व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते. होत नाही. पैसे येतात, फक्त रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रेटने होतं. आणि दुकानदाराने न विचारता रुपये दाबले असतील तर स्लिपवर सही करायच्या किंवा पिन टाकायच्या आधी थांबवा, व्यवहार रद्द करून परत करायला सांगा, नंतर बँकेशी भांडण्यात फारसं हाती लागत नाही.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करायला विसरू नका. 2020 पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू येतात, बाकी आपण करायचं. परत आल्यावर बंदही करा, परदेशी वेबसाइट बऱ्याचदा ओटीपी मागत नाहीत.

आता फॉरेक्स कार्ड. हे प्रीपेड कार्ड, आधी रुपये भरायचे, त्या दिवशीच्या रेटने युरो होऊन कार्डात बसतात, मग तिथे स्वाइप करताना त्या युरोंतून कापले जातात, वेगळा मार्कअप नाही. रेट लॉक होतो ही जाहिरातीतली मुख्य गोष्ट आणि ती खरी आहे. पण लोक यातली एक गोष्ट विसरतात, लोडिंगच्या वेळचा रेट हाही कोणीतरी मार्जिन लावून दिलेलाच रेट असतो. "झिरो मार्कअप फॉरेक्स कार्ड" म्हणजे स्वाइपला शून्य, लोडिंगला नाही. बँकेत न विचारता लोड केलंत तर दोन अडीच टक्के सहज जातात, डीलरकडून घेतलंत तर कॅशसारखाच भाव करता येतो. 102 ने 1000 युरो भरले, जीएसटी 182, कार्ड फी समजा 300 आणि तिच्यावरचा जीएसटी 54, तर खरा रेट 102 रुपये 54 पैसे. एवढ्यावर थांबलं तर साडेतीन टक्केवाल्या स्वाइपपेक्षा नक्कीच स्वस्त, आणि बँकेतला माणूस इथेच थांबतो.

आता मावसबहिणीचं स्टेटमेंट.

त्यांनी 1500 युरो लोड केले 102 ने. 1,53,000 रुपये, जीएसटी 228, कार्डाचे 354, एकूण 1,53,582 गेले. (तिचे खरे आकडे थोडे वेगळे होते, मी सगळं 100 च्या हिशोबात बसवून सांगतोय, टक्केवारी तीच.) व्हिएन्नात 600 युरो खर्च झाले, तिथे काही प्रॉब्लेम नाही, ऑस्ट्रियात युरोच चालतो. मग प्राग आणि बुडापेस्ट. इथे गडबड. युरोप म्हणजे युरो असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण चेक रिपब्लिकमध्ये कोरुना चालतो आणि हंगेरीत फोरिंट, दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये असूनसुद्धा. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांचंही तेच होतं, तिथे फ्रँक. कार्डात युरो आणि मशीन मागतंय कोरुना, मग कार्ड युरोचे कोरुना करतं आणि त्याला क्रॉस करन्सी चार्ज लावतं, तिच्या कार्डाला तो 3.5 टक्के होता. या दोन शहरांत मिळून 700 युरोचा खर्च झाला, त्यावर साडेचोवीस युरो चार्ज. प्रत्येक स्वाइपला थोडं थोडं जातं, 12 युरोच्या जेवणाला 42 सेंट, त्यामुळे लक्षातच येत नाही.

परत आल्यावर कार्डात 175 युरो उरले होते, ते तिने परत रुपयांत करून घेतले. बँकेचा बाय रेट साडेसत्त्याण्णव. 102 ने घेतलेला युरो साडेसत्त्याण्णवला दिला, वर 45 रुपये जीएसटी, हातात आले 17,017.

आता भागाकार. 1,53,582 मधून 17,017 वजा, गेले 1,36,565 रुपये आणि प्रत्यक्ष वस्तू, जेवण, तिकिटं मिळून खर्च झाला 1300 युरोचा. युरो पडला 105 रुपये 5 पैशांना. तिच्या पाकिटात जे साडेतीन टक्के मार्कअपचं साधं क्रेडिट कार्ड पडून होतं त्याने सगळं स्वाइप केलं असतं तर 104.44 पडला असता, कारण त्या कार्डाला कोरुना काय, फोरिंट काय आणि युरो काय, सगळं सारखंच. नवऱ्याकडे 2 टक्केवालं कार्ड होतं म्हणे, त्यावर तीन हजारांच्या वर वाचले असते. ते कार्ड "फॉरेक्स आहे ना मग कशाला" म्हणून घरी कपाटात ठेवून गेले होते!

मग फॉरेक्स कार्ड वाईट का? नाही, पण त्याची जागा लहान आहे आणि विकताना ती मोठी करून सांगतात. कार्डात जे चलन आहे तेच चलन चालणाऱ्या देशात जाताय, डीलरकडून भाव करून लोड करताय, आणि जेवढं नक्की संपणार तेवढंच भरताय (कमी पडलं तर अॅपवरून रिलोड होतं, तिथल्या हॉटेलात बसून सुद्धा), तर ते चांगलं चालतं. मुलगा शिकायला गेलाय, त्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, तेव्हाही ठीक. कमी मार्कअपचं क्रेडिट कार्ड असेल तर मात्र मला त्याचा फारसा उपयोग दिसत नाही, पर्समध्ये बॅकअप म्हणून शंभर दोनशे युरोचं असू दे हवं तर.

आणि हॉटेलच्या चेक इनला किंवा भाड्याच्या गाडीला फॉरेक्स कार्ड कधीच देऊ नका. ते लोक डिपॉझिट म्हणून रक्कम ब्लॉक करतात, 200, 300 युरो, गाडीवाले तर अजून जास्त, आणि चेक आउटनंतर ती मोकळी व्हायला कित्येक दिवस जाऊ शकतात. क्रेडिट कार्डावर असा ब्लॉक बसला तर फक्त लिमिट अडकते, फॉरेक्स कार्डावर तुमचे खरेच पैसे अडकतात, ट्रिप संपते तरी सुटत नाहीत. गाडीवाले बऱ्याचदा प्रीपेड कार्ड घेतच नाहीत.

एटीएमचं थोडक्यात, फॉरेक्स कार्डाने कॅश काढली की कार्डवाल्याची ठरावीक फी दर वेळी, साधारण दोन डॉलरच्या आसपास, आणि मशीनवाल्या बँकेची वेगळी असू शकते. फी ठरावीक असल्यामुळे 20 युरो पाच वेळा काढण्यापेक्षा 100 एकदाच काढणं बरं. तिथल्या रस्त्यावरच्या एक्सचेंजच्या दुकानांपेक्षा बँकेचं एटीएम मला नेहमी बरं वाटतं, भिंतीत बँकेच्या नावाचं असलेलं, टुरिस्ट गल्लीत सुटं उभं केलेलं रंगीत डबडं नाही, त्या डबड्यांचे रेट आणि डीसीसी दोन्ही वाईट.

टॅक्सचा एक मुद्दा लोक विचारतात तो टीसीएस, म्हणजे चलन घेतानाच आगाऊ वसूल केला जाणारा टॅक्स. एका आर्थिक वर्षात परदेश प्रवासासाठी घेतलेलं फॉरेक्स, नोटा आणि फॉरेक्स कार्ड मिळून 10 लाखांच्या वर गेलं तरच वरच्या रकमेवर 20 टक्के कापले जातात आणि तेही रिटर्न भरताना हिशोबात धरले जातात. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्याचा नियम वेगळा. परदेशात क्रेडिट कार्ड स्वाइप केलेलं सध्या या हिशोबात धरत नाहीत, डेबिट आणि फॉरेक्स कार्ड धरतात. साध्या कुटुंबाच्या आठ दहा दिवसांच्या ट्रिपला हा प्रश्न येतच नाही.

पुढच्या वर्षी ती दोघं परत जाणार आहेत, या वेळी इटली, म्हणजे सगळा युरोच. मी तिला लिहून दिलं ते असं. 300 युरो कॅश डीलरकडून, 20 आणि 50 च्या नोटा, निघायच्या आठवडाभर आधी, तीन ठिकाणी फोन करून. बाकी सगळं नवऱ्याच्या 2 टक्केवाल्या कार्डावर, हॉटेलसकट, आणि मशीनवर युरोची ओळ दाबायची. गेल्या वेळचं फॉरेक्स कार्ड अजून चालू आहे तर त्यात 150 युरो भरून वेगळ्या बॅगेत ठेवायचे, मुख्य कार्ड हरवलं किंवा अडकलं तर. मी तिला हेही सांगितलं की आधी त्या कार्डाची इनअॅक्टिव्हिटी फी किती आहे ते बघ, काही कार्डं बरेच महिने वापरली नाहीत की थोडे थोडे पैसे स्वतःच खात बसतात.

उरलेल्या नोटांचं तिने विचारलं. परत आल्यापासून 180 दिवसांत बँकेला किंवा डीलरला द्यायच्या असतात, पण 2000 डॉलरइतकं चलन स्वतःजवळ ठेवायला परवानगी आहे, तेव्हा पन्नास साठ युरो उरले तर विकायच्या भानगडीत पडूच नका, विकताना चार पाच टक्के आणि परत घेताना दीड टक्का कशाला घालवायचा, पुढच्या ट्रिपसाठी पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. नाणी मात्र इथे कोणीच घेत नाही. तिच्याकडे बुडापेस्टच्या फोरिंटची मूठभर नाणी अजून आहेत, तिच्या धाकट्याने ती व्यापार खेळाच्या डब्यात टाकलीत.